अकाउंट्स मॅनेजरसाठी शिफारसपत्र: मराठी मसुदा आहे, इंग्रजी मनासारखं होत नाही

धातुकाम
आमची यंत्रांचे सुटे भाग करणारी छोटी कंपनी आहे. आमच्या अकाउंट्स मॅनेजर बाई या महिन्याअखेर जात आहेत. यजमानांची बदली परदेशी झाली, म्हणून. तिकडे त्या नोकरीसाठी अर्ज करणार आहेत आणि त्यांनी माझ्याकडे शिफारसपत्र मागितलं आहे. माझ्या मनातलं मला मराठीतच नीट सुचतं, म्हणून आधी मराठीत लिहिलं:

"श्रीमती अबक या एप्रिल २०१५ ते जून २०२४ या काळात आमच्या कंपनीत अकाउंट्स मॅनेजर म्हणून कार्यरत होत्या. या कालावधीत त्यांनी कंपनीचे सर्व हिशेब अत्यंत जबाबदारीने सांभाळले. बँकेचा ताळमेळ, येणी-देणी, जीएसटी व टीडीएसची विवरणपत्रे वेळच्या वेळी पूर्ण करण्यात आली. लेखापरीक्षण दरवर्षी सुरळीत पार पडले. त्या अत्यंत प्रामाणिक, कष्टाळू व मनमिळाऊ असून त्यांची वर्तणूक चांगली आहे. त्यांच्या जाण्याने कंपनीत पोकळी निर्माण होणार आहे. त्यांच्या पुढील वाटचालीस हार्दिक शुभेच्छा."

ऑफिसातल्या एका मुलाने याचं इंग्रजी केलं. सुरुवात अशी: 'धिस इज टू सर्टिफाय दॅट मिसेस एबीसी वॉज वर्किंग विथ अस अ‍ॅज अ‍ॅन अकाउंट मॅनेजर.' पुढे 'शी हॅज लुक्ड आफ्टर ऑल द अकाउंट्स व्हेरी सिन्सिअरली' आणि 'शी इज हॅविंग गुड मॉरल कॅरेक्टर'. व्याकरणात मला फार चूक दिसत नाही, पण वाचून त्या बाई डोळ्यांसमोर उभ्या राहत नाहीत. नऊ वर्षं त्यांनी ही कंपनी आर्थिक बाजूने उभी धरली आहे. कोणी मार्ग दाखवेल का?

रावसाहेब
पत्र कंपनीच्या लेटरहेडवर हवं, तारीख आणि जावक क्रमांक हवा, सहीखाली शिक्का हवा. सुरुवात 'धिस इज टू सर्टिफाय'नेच करायची आणि 'आय' कुठेही येऊ द्यायचा नाही, कारण पत्र कंपनीचं असतं, व्यक्तीचं नसतं. मी अशी कितीतरी पत्रं दिली आहेत. तुमच्या मुलाने केलेलं इंग्रजी मला योग्य वाटतं. वर्तणुकीचं वाक्य काढू नका, ते फार महत्त्वाचं असतं.

निशिगंध
माझ्या आधीच्या कंपनीने माझं रिलीव्हिंग लेटर अजून दिलेलं नाही, फुल अँड फायनलचा हिशेबही अडकवून ठेवला आहे. नवीन ठिकाणी रोज विचारतात. तुम्ही मागितल्याबरोबर पत्र द्यायला निघालात याचं बरं वाटलं. पण रिलीव्हिंग लेटर इतकं लांब लागत नाही ना? दोन ओळींत काम होतं.

उत्तरा
निशिगंध, तुमचं पत्र वेगळं आहे. रिलीव्हिंग लेटर म्हणजे कंपनीने तुम्हाला मोकळं केलं याचा कागद. अनुभवाचा दाखला म्हणजे पद आणि तारखा. धातुकाम यांना हवं आहे ते तिसरंच: एका माणसाने दुसऱ्या माणसाच्या कामाबद्दल दिलेला शब्द. रावसाहेबांचा नमुना दाखल्यासाठी अगदी बरोबर आहे. लेटरहेड, तारीख, सही हे इथेही हवंच. पण शिफारसपत्रात 'आय' नसेल तर वाचणाऱ्याला कळत नाही की हे कोण सांगतंय आणि त्याने हे काम जवळून पाहिलं होतं का.

मी व्यावसायिक पत्रांचे अनुवाद करते. सगळ्यात आधी पद दुरुस्त करा. तुमच्या मुलाने 'अकाउंट मॅनेजर' लिहिलं आहे, 'स' गळला आहे. इंग्रजीत अकाउंट मॅनेजर म्हणजे ठरावीक ग्राहकांशी संबंध सांभाळणारा विक्री विभागातला माणूस. पत्र चाळणाऱ्याने पहिल्या ओळीतच बाईंना विक्रीत टाकलं की पुढचं ताळमेळ-विवरणपत्र त्याला गोंधळाचं वाटेल. 'अकाउंट्स मॅनेजर' लिहा. अमेरिकेत अर्ज असेल तर तिथे 'अकाउंटिंग मॅनेजर' म्हणतात, पण तुमच्या नियुक्तीपत्रावर जे पद आहे ते बदलू नका. पदानंतरच्या वाक्यात काम स्पष्ट झालं की पुरे.

सीमापार
मी परदेशात एका कंपनीत भरतीचं काम बघते. अशी पत्रं माझ्यासमोर येतात. 'सिन्सिअर, हार्डवर्किंग, गुड मॉरल कॅरेक्टर' हे तीन शब्द इतक्या पत्रांत असतात की डोळा त्यांच्यावर थांबत नाही. मॉरल कॅरेक्टर तर इथे कोणी विचारतही नाही, ते वाचून उलट प्रश्न पडतो की हे मुद्दाम का सांगावं लागलं. हिशेब बघणाऱ्या माणसाबद्दल 'व्हेरी ऑनेस्ट' लिहिलेलं वाचलं की तसंच होतं.

मला हवं असतं ते असं: तुम्ही तिचे कोण, तिने नेमकं काय केलं, तिच्या हाताखाली किती माणसं होती, आणि पुन्हा संधी आली तर तुम्ही तिला घ्याल का.

ताळेबंद
इंग्रजीकडे जाण्याआधी मराठीकडे पाहू. 'हिशेब सांभाळले' आणि 'पूर्ण करण्यात आली' ही दोन्ही वाक्यं मराठीत चालून जातात कारण कोणी केलं हे सांगावं लागत नाही. हिशेबाच्या कामात मात्र सगळा अर्थ तिथेच असतो. एक माणूस तयार करतो, दुसरा तपासतो, तिसरा मंजूर करतो. तिन्ही एकाच्या हातात असतील तर तो त्या कंपनीचा दोष मानला जातो. त्यामुळे परदेशातला फायनान्सचा माणूस 'प्रिपेअर्ड', 'रिव्ह्यूड' आणि 'अप्रूव्ह्ड' हे तीन शब्द वेगवेगळे वाचतो आणि मुलाखतीत त्यावरूनच विचारतो. 'लुक्ड आफ्टर' यात तिन्ही मावतात, म्हणून त्यातून काहीच कळत नाही.

धातुकाम, मला एवढं सांगा:
बँकेचा ताळमेळ कोण घालत होतं, बाई की हाताखालचे? पेमेंट बँकेत कोण चढवत होतं आणि कोण सोडत होतं? जीएसटीची विवरणपत्रं बाईंनी भरली की सल्लागाराने? महिन्याचे हिशेब किती तारखेला बंद होत? आणि त्यांनी सुरू केलेली, आधी नव्हती अशी एखादी गोष्ट आहे का?

धातुकाम
असा विचार केला नव्हता. उत्तरं देतो.

हाताखाली तीन जण. बँकेचा ताळमेळ त्यातला एक मुलगा दर आठवड्याला घालायचा, बाई तपासून सही करायच्या. जुन्या न जुळलेल्या नोंदी त्या स्वतः शोधायच्या. पेमेंट दुसरी मुलगी चढवायची, दोन लाखांपर्यंत बाई सोडायच्या, त्यावर माझी मंजुरी लागायची. जीएसटीचं विवरणपत्र बाहेरचे सल्लागार भरतात. पण त्याआधी खरेदीची प्रत्येक नोंद जीएसटीआर-२बी या पुरवठादारांनी दाखवलेल्या बिलांच्या यादीशी जुळवून, ज्या पुरवठादाराने बिल दाखवलं नसेल त्याच्या मागे लागून, मग आकडे सल्लागारांना द्यायचे हे काम बाईंचं. टीडीएसचं विवरणपत्र दर तिमाहीला त्या स्वतः तयार करत.

त्या आल्या तेव्हा आमचे हिशेब वर्षाअखेर ऑडिटच्या वेळीच पूर्ण व्हायचे. दुसऱ्या वर्षापासून त्यांनी दर महिन्याच्या १० तारखेच्या आत नफा-तोट्याचा तक्ता माझ्या टेबलावर ठेवायला सुरुवात केली. २०१७ साली व्हॅट-एक्साइज जाऊन जीएसटी आला तेव्हा शिल्लक क्रेडिट पुढे नेण्याचं ट्रान-१चं कामही त्यांनीच उभं राहून करून घेतलं.

आणि एक गोष्ट मला फार महत्त्वाची वाटते. आम्ही माल प्लेटिंग आणि हीट ट्रीटमेंटसाठी बाहेर जॉबवर्कला पाठवतो. चलनावर माल गेला तरी तो आमच्या स्टॉकमध्ये दिसत राहायचा आणि जॉबवर्कवाल्याकडे पडलेल्या मालाच्या यादीतही मोजला जायचा. प्रत्यक्ष मोजणी आणि पुस्तकी साठा कधी जुळायचा नाही, आणि सगळे गोडाऊनच्या माणसांना दोष द्यायचे. बाईंनी चलनं एकेक करून परत आलेल्या मालाशी जुळवली आणि दुबार नोंद कुठे होते ते दाखवलं. तेव्हापासून कोणाकडे किती माल पडला आहे याचा तक्ता दर महिन्याला निघतो आणि जॉबवर्कवाल्याची सही घेऊन जुळवला जातो. गोडाऊनमधल्या दोघांवरचा संशय त्यामुळे गेला. हे पत्रात कुठे बसतं का, की फार बारीक होईल?

ताळेबंद
हाच तुमच्या पत्राचा गाभा आहे. बारीक अजिबात नाही. महिन्याची १० तारीख आणि जॉबवर्कचा साठा, या दोन गोष्टींवर पत्र उभं करा. बाकी सगळं दोन ओळींत.

आणि पाहा, तुमच्या मूळ मसुद्यात जीएसटीची विवरणपत्रं त्यांनी भरली असं ध्वनित होत होतं. ते तसंच इंग्रजीत गेलं असतं आणि मुलाखतीत त्यांनी खरं सांगितलं असतं की सल्लागार भरत होते, तर पत्र आणि त्या यांच्यात फरक दिसला असता. 'रिकन्साइल्ड' लिहा, 'फाइल्ड' लिहू नका. केलेलं काम लहान नाहीच.

ऑडिटबद्दलचं वाक्य मात्र काढा किंवा बदला. 'सुरळीत पार पडले' याचा इंग्रजी वाचक अर्थ लावेल की ऑडिटरने कोणताही शेरा मारला नाही. तसं नऊही वर्षं होतं का?

धातुकाम
एका वर्षी त्या साठ्यावरच शेरा होता. बाईंनी दुबार नोंदी शोधल्या त्याच्या आधीच्या वर्षी.

ताळेबंद
मग 'ऑडिटरांशी मुख्य संपर्क त्यांचा होता आणि मागितलेली कागदपत्रं त्या तयार ठेवत' एवढंच. हे पूर्ण खरं आहे.

सीमापार
मी तर म्हणेन शेऱ्याचाही उल्लेख करा. ऑडिटरने शेरा मारला, पुढच्या वर्षी तिने कारण शोधलं, असं वाचलं तर मी तिला लगेच मुलाखतीला बोलवीन.

ताळेबंद
पत्र बाईंचं आहे, पण शेरा कंपनीचा आहे. तो पत्र वाचणाऱ्या प्रत्येक अनोळखी माणसाच्या हातात द्यायचा का हे धातुकाम यांनी ठरवावं. मी नाही देणार.

उत्तरा
आता भाषा. ताळेबंद यांचं म्हणणं मला अनुवादक म्हणून पटतं: मराठीतच कर्ता आणा, मग इंग्रजी आपोआप सरळ येतं. तुमच्या उत्तरांवरून मराठी पुन्हा लिहिलं आहे:

"मी या कंपनीचा संचालक आहे. श्रीमती अबक यांनी एप्रिल २०१५ ते जून २०२४ या काळात आमच्याकडे अकाउंट्स मॅनेजर म्हणून काम केले. हा सर्व काळ त्या थेट माझ्या हाताखाली काम करत होत्या आणि तीन जणांच्या लेखा विभागाच्या प्रमुख होत्या.

त्या रुजू झाल्या तेव्हा आमचे हिशेब वर्षाअखेरीसच पूर्ण होत. दुसऱ्या वर्षापासून त्यांनी ते दरमहा बंद करण्याची पद्धत घालून दिली आणि मला पुढच्या महिन्याच्या १० तारखेच्या आत नफा-तोट्याचा तक्ता मिळू लागला. बँकेचा ताळमेळ त्या तपासत, ठरलेल्या मर्यादेपर्यंतची देयके मंजूर करत, करकपातीची तिमाही विवरणपत्रे तयार करत आणि जीएसटीचे विवरणपत्र भरण्याआधी आमच्या खरेदीच्या नोंदी पुरवठादारांनी दाखवलेल्या बिलांशी जुळवत.

प्रक्रियेसाठी बाहेर पाठवलेला माल आमच्या साठ्यात दोनदा मोजला जात होता. याचे कारण त्यांनी शोधले आणि तो माल दरमहा जुळवण्याची पद्धत सुरू केली. ती आजही चालू आहे.

मी परगावी असताना कंपनीचे पैसे त्यांच्या देखरेखीखाली निर्धास्तपणे सोडत असे. त्या कुटुंबासह परदेशी जात असल्याने नोकरी सोडत आहेत. संधी मिळाल्यास मी त्यांना पुन्हा आनंदाने नेमीन."

प्रामाणिक हा शब्द कुठेही नाही, पण शेवटचा परिच्छेद तेच सांगतो. पोकळी आणि शुभेच्छाही काढल्या. 'व्हॉइड' हा शब्द इंग्रजीत अशा जागी फार जड पडतो.

रावसाहेब
शुभेच्छा काढल्यात हे मला रुचलं नाही. नऊ वर्षं काम केलेल्या बाईंना शेवटी चांगले शब्द नकोत?

उत्तरा
रावसाहेब, मराठी प्रतीत जरूर ठेवा, ती बाईंच्या घरी जाईल. इंग्रजीतही 'आय विश हर वेल' एवढं ठेवलं तर काही बिघडत नाही.

इंग्रजीतल्या अडचणीच्या जागा आता एकेक. 'जॉबवर्क' जसाच्या तसा घातला तर बाहेरचा वाचक काहीतरी वेगळंच समजेल. तिथे 'मटेरियल्स हेल्ड बाय सबकॉन्ट्रॅक्टर्स' म्हणा. टीडीएसला 'विथहोल्डिंग टॅक्स' म्हणतात. जीएसटी ऑस्ट्रेलिया, सिंगापूर, कॅनडात कळेल, ब्रिटन-युरोपात 'जीएसटी, द इंडियन इक्विव्हॅलन्ट ऑफ व्हॅट' असं एकदा लिहा. येणी 'रिसीव्हेबल्स', 'सन्ड्री डेटर्स' नको. दोन लाखांची मर्यादा लिहायचीच असेल तर '२००,०००' असा स्वल्पविराम, पण मी आकडा टाळेन, तो तुमच्या घरातला आहे.

मधला परिच्छेद देवनागरीतच देते, टाइप तुम्ही रोमनमध्ये करा:

'व्हेन शी जॉइन्ड, अवर बुक्स वेअर क्लोज्ड ओन्ली अ‍ॅट इयर-एन्ड. फ्रॉम हर सेकंड इयर शी क्लोज्ड देम एव्हरी मंथ, अँड आय हॅड अ प्रॉफिट अँड लॉस स्टेटमेंट बाय द टेन्थ. शी रिव्ह्यूड द बँक रिकन्सिलिएशन्स, अप्रूव्ह्ड पेमेंट्स विदिन अ सेट लिमिट, प्रिपेअर्ड द क्वार्टर्ली विथहोल्डिंग टॅक्स रिटर्न्स अँड रिकन्साइल्ड अवर पर्चेसेस बिफोर ईच जीएसटी रिटर्न वॉज फाइल्ड.

शी ऑल्सो ट्रेस्ड अ लाँग-स्टँडिंग स्टॉक डिफरन्स टू मटेरियल्स हेल्ड बाय सबकॉन्ट्रॅक्टर्स, विच वेअर बीइंग काउंटेड ट्वाइस. द मंथली चेक शी सेट अप इज स्टिल इन यूज.'

आणि शेवट: 'आय वुड गॅडली हायर हर अगेन.' नाही, 'ग्लॅडली', टंकताना ल राहिला.

वाक्यं आखूड आहेत, स्तुतीची विशेषणं नाहीत, बाईंच्या कामाच्या प्रत्येक क्रियापदाला कर्ता 'शी' आहे. 'वॉज वर्किंग', 'इज हॅविंग' सगळीकडे साधा भूतकाळ केला. मराठीतला 'त्या' हा आदरार्थी, त्याचं कोणी 'दे' करू नये म्हणून सांगून ठेवते.

ताळेबंद
'रिव्ह्यूड, अप्रूव्ह्ड, प्रिपेअर्ड, रिकन्साइल्ड', चारही अचूक जागी आहेत. फायनान्सच्या माणसाला यातून त्या विभागाची सगळी रचना दिसते.

रावसाहेब
पण हा अनुवाद राहिला कुठे? मराठीत 'प्रक्रियेसाठी बाहेर पाठवलेला माल', इंग्रजीत 'सबकॉन्ट्रॅक्टर्स'. मराठीत 'पुरवठादारांनी दाखवलेली बिलं', इंग्रजीत नाहीत. उद्या कोणी दोन्ही पत्रं शेजारी ठेवली तर?

सीमापार
रावसाहेबांचा मुद्दा एका ठिकाणी अगदी खरा आहे. पत्र व्हिसा किंवा स्थलांतराच्या अर्जाला जोडायचं असेल तर नियम निराळे. उदाहरणार्थ कॅनडाच्या एक्सप्रेस एन्ट्रीला कंपनीच्या पत्रात पद, कामं, तारखा, आठवड्याचे तास, वार्षिक पगार आणि भत्ते लागतात, आणि मूळ कागद इंग्रजी किंवा फ्रेंचमध्ये नसेल तर प्रमाणित अनुवाद लागतो. तिथे असं मोकळं लिहून चालत नाही. बाईंना विचारा की पत्र कोणासाठी.

धातुकाम
विचारलं. नोकरीसाठीच. व्हिसा यजमानांच्या कंपनीकडून आहे.

उत्तरा
मग दोन्ही पत्रं स्वतंत्र मूळ पत्रं म्हणून द्या. दोन्हींवर तीच तारीख, तुमची सही, आणि इंग्रजीवर 'ट्रान्सलेशन' असा शब्द नको. तथ्यं दोन्हींत तीच असली की झालं.

रावसाहेब
मला हे अजूनही पटत नाही. एकाच दिवशी एकाच माणसाला दोन भाषांत दोन वेगळी पत्रं, हे कार्यालयीन शिस्तीत बसत नाही. इंग्रजी एकच द्या, मराठी नका देऊ.

धातुकाम
मराठी मी देणारच आहे. त्यांच्या आईंना इंग्रजी वाचता येत नाही आणि लेकीबद्दल काय लिहिलं ते त्यांनी वाचावं अशी माझी इच्छा आहे. त्यात शुभेच्छाही ठेवतो.

ऑडिटच्या शेऱ्याचं बाईंनाच विचारलं. त्या म्हणाल्या, नका लिहू, मुलाखतीत विचारलं तर मी सांगेन. जॉबवर्कचा परिच्छेद वाचून मात्र त्यांनी एक दुरुस्ती सुचवली: चलनं जुळवण्याचं निम्मं काम त्या ताळमेळ घालणाऱ्या मुलाने केलं होतं, ते यावं. कसं लिहू?

उत्तरा
'वर्किंग विथ अ ज्युनिअर कलीग, शी ट्रेस्ड…' एवढ्याने काम होईल. मराठीत 'एका कनिष्ठ सहकाऱ्याच्या मदतीने'.

सीमापार
हे वाक्य नक्की ठेवा. हाताखालच्याचं श्रेय देणारी मॅनेजर मला हवी असते. आणि सहीखाली तुमचा कंपनीच्या पत्त्यावरचा ईमेल द्या. मी पत्रानंतर नेहमी फोन किंवा ईमेल करून खात्री करते. तारीख अक्षरांत, '३० जून २०२४' अशी. ०६/०७ असं लिहिलं की अमेरिकेत जून आणि ब्रिटनमध्ये जुलै.

निशिगंध
मला एक सांगा कोणीतरी, रिलीव्हिंग लेटर नसेल तर नवीन कंपनीला मी जुन्या मॅनेजरचं असं पत्र देऊ शकते का? ते स्वतःहून द्यायला तयार आहेत.

सीमापार
तुमच्या कामाबद्दल ते चालेल, पण तुम्ही तिथून मोकळ्या झालात याचा पुरावा ते होत नाही. राजीनामा स्वीकारल्याचा ईमेल आणि शेवटची पगारपत्रकं सोबत लावा, आणि नव्या कंपनीच्या एचआरला आधीच सांगा. काही कंपन्या मानतात, काही नाही.

धातुकाम
सगळ्यांचे आभार. ताळेबंद, तुमचे पाच प्रश्न मी लिहून ठेवले आहेत. तो ताळमेळवाला मुलगाही कधीतरी पुढे जाईल तेव्हा लागतील. दोन्ही पत्रं सोमवारी सही करून देतो.